गुग्गुळ, पित्ताम्ल आणि यकृतातला ब्रेक

शरीरातलं कोलेस्टेरॉल संपवायचा यकृताचा मोठा मार्ग म्हणजे त्याचं पित्ताम्ल करणं. ही आम्लं आतड्यात उतरतात, जेवणातल्या चरबीच्या पचनाला हातभार लावतात आणि साधारण ९५ टक्के पुन्हा यकृतात परततात. विष्ठेतून जी वाया जातात, तेवढीच यकृत नव्याने बनवतं आणि त्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च करतं.

किती बनवायची हे ठरवणारा एक ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन, यकृताच्या पेशींत असतो: एफएक्सआर. पुरेसं पित्ताम्ल परत आलं की ते या ग्राहीच्या खोबणीत बसतं आणि कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवणाऱ्या विकराला ब्रेक लागतो.

गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं का, हा प्रश्न इथेच येतो. राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागातल्या या काटेरी झुडपाच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारसला सशांवर त्याचा अभ्यास केला, तो १९६६ साली मांडला. या डिंकातल्या गुग्गुलस्टेरॉनचा सांगाडा पित्ताम्लासारखाच स्टेरॉइडचा, चार कड्यांचा. म्हणून २००२ साली ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी मांडलं की ते एफएक्सआरला चिकटतं, पण त्याला जागं करत नाही. म्हणजे ब्रेक लागत नाही आणि कोलेस्टेरॉल खर्च होत राहतं.

त्यांची चाचणी मला फार आवडते. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या साध्या उंदरांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरॉनने कमी झालं. ज्या उंदरांत एफएक्सआरचं जनुकच नव्हतं, त्यांच्यात मात्र काहीच फरक पडला नाही. परिणाम एफएक्सआरमधूनच होतो, याचा याहून सरळ पुरावा मिळणं अवघड. फक्त हे मोजमाप यकृतातलं होतं, हे विसरू नये. आपण रिपोर्टमध्ये बघतो ते एलडीएल रक्तातलं.

माणसात काय झालं? २००३ साली अमेरिकेत एलडीएल वाढलेल्या १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. एका गटाला गुग्गुळाचा अर्क दिवसातून तीनदा १,००० मिलिग्रॅम, दुसऱ्याला २,००० आणि तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. या तिसऱ्या गटाचं एलडीएल ५ टक्के घटलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं उलट ४ ते ५ टक्के वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

एक कारण असं असू शकतं की हा रेणू एकाच कुलपाची किल्ली नाही. तो पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहीला जागं करतो, आणि तो ग्राही पित्ताम्ल बनवणाऱ्या त्याच विकराला दाबतो! एका बाजूने ब्रेक सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने तोच लावायचा. शिवाय पीएक्सआर औषधं फोडणारी विकरंही वाढवतो. म्हणून रोजच्या गोळ्या चालू असताना गुग्गुळ घेत असाल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.