फारसी मुलाखतीचं इंग्रजी भाषांतर: अडखळणं आणि अर्धी वाक्यं आम्ही तशीच का ठेवतो

आमच्याकडे फारसी मुलाखती घेऊन येणारे बहुतेक जण संशोधक, डॉक्युमेंटरीवाले किंवा वकील असतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न साधारण एकच असतो: ट्रान्सक्रिप्ट तयार आहे, आता फक्त इंग्रजी करायचंय, मग एवढा वेळ कशाला? वेळ लागतो तो बोलणारा जिथे थांबला, अडखळला किंवा ज्याला मधेच तोडलं गेलं त्या जागांसाठी. तिथे आम्ही काय करतो ते खाली एका नमुन्यावरून सांगतोय. नमुना आमचा बनवलेला आहे, कुठल्याही ग्राहकाच्या फाइलमधला नाही.

समजा इराणमधल्या खोर्रमशहर या शहरातून बाहेर पडलेल्या एका आजोबांची मुलाखत आहे. इराकने सप्टेंबर १९८० मध्ये इराणवर हल्ला केला तेव्हाचा काळ, आजोबा त्याला "मेहर ५९" म्हणतात, म्हणजे इराणी कॅलेंडरच्या १३५९ सालातला मेहर महिना. (अशी सालं आम्ही ओळीत बदलत नाही, खाली टीप देतो.) मुलाखत घेणारी विचारते, तुमचा भाऊ पण तुमच्याबरोबर आला का? आजोबा म्हणतात:

"वल्ला... बरादरम, चीज़, उन रूज़... (२.०) यअनी मा के राह ओफ्तादीम, उन नेमी—"

आणि ती लगेच मधे बोलते, "मूंद?" म्हणजे, राहिला? आजोबा म्हणतात, "हाला... अर्ज़ कोनम... आरे दिगे. मूंद."

हेच मराठीत जवळपास जसंच्या तसं उभं राहतं: "आता काय सांगू... माझा भाऊ, ते हे, त्या दिवशी... म्हणजे आम्ही निघालो ना, तेव्हा तो नाही—". आपल्यासारखंच फारसीतही क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य तुटलं की सगळ्यात आधी क्रियापद जातं. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला नसलेलं क्रियापद भरायचा मोह होतो.

आता तो "नेमी—" बघा. "ने" म्हणजे नकार, आणि "मी" हा क्रियापदाच्या पुढे लागणारा तुकडा, चालू असलेली किंवा नेहमीची गोष्ट दाखवणारा. साधं "आला नाही" म्हणायचं असतं तर "नयूमद" म्हटलं असतं, त्यात "मी" येत नाही. म्हणजे आजोबा "नेमीखास्त" म्हणणार होते, त्याला यायचं नव्हतं, किंवा "नेमीतूनेस्त", त्याला येता येत नव्हतं, किंवा "नेमीयूमद", तो येतच नव्हता. भाऊ स्वतःहून मागे राहिला की त्याला निघताच आलं नाही, हा त्या मुलाखतीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या न बोललेल्या दोन अक्षरांत अडकलंय.

स्वच्छ केलेल्या भाषांतरात हे सगळं "माय ब्रदर डिडंट वॉन्ट टू कम, ही स्टेड" असं होऊन जातं. वाचायला छान, पण "वॉन्ट" हा शब्द आजोबांचा नाही, भाषांतरकाराचा आहे. आणि "स्टेड" सुद्धा आधी मुलाखत घेणारीच्या तोंडून आलाय, आजोबांनी तो फक्त मान्य केला, तोही दोनदा थांबून. कोर्टात किंवा संशोधनात हा फरक फार मोठा असतो.

आमच्या फाइलमध्ये ते असं येतं: "वेल... माय ब्रदर, अम, दॅट डे... (२.०) आय मीन, व्हेन वी सेट आउट, ही डिडंट—". मग तिचं "ही स्टेड?" आणि मग "वेल... लेट मी सी... या, सो. ही स्टेड." इथे "कुडंट—" किंवा "वुडंट—" लिहिलं तर आपण बाजू घेतली असं होतं, "डिडंट—" त्यातल्या त्यात मोकळं आहे. पण तिन्ही शक्यता पूर्णपणे उघड्या ठेवणारा शब्द इंग्रजीत नाहीच, म्हणून खाली टीप देतो की मूळात नकार आहे, क्रियापद नाही, आणि शक्यता या या आहेत. कंसातला आकडा म्हणजे सेकंदांतली शांतता, गेल जेफरसन या संशोधिकेच्या लेखनपद्धतीतली खूण, संभाषणाच्या अभ्यासात तीच चालते.

फिलरचं, म्हणजे अडखळताना मधे येणाऱ्या शब्दांचं म्हणाल तर आम्ही त्यांचा अर्थ नाही, काम बघतो. "वल्ला" शब्दशः देवाची शपथ आहे, पण इथे कोणी शपथ घेत नाहीये, आणि "बाय गॉड" लिहिलं तर इंग्रजी वाचकाला वाटेल माणूस जोर देऊन सांगतोय, प्रत्यक्षात तो कचरतोय. "अर्ज़ कोनम" मध्ये आपलाच अर्ज आहे, सभ्यपणे वेळ काढायचा शब्द. "चीज़" कधी खरंच वस्तू असते आणि कधी न आठवणाऱ्या शब्दाची जागा, ते दर वेळी ऐकूनच ठरवावं लागतं. प्रत्येक बोलणाऱ्यासाठी आम्ही फिलरची यादी करतो आणि काम तेच असेल तोवर पूर्ण फाइलभर तोच इंग्रजी शब्द ठेवतो, नाहीतर त्या माणसाच्या बोलण्याची सवय वाचणाऱ्याला दिसतच नाही.

शांतता कुठे ठेवायची हाही प्रश्नच असतो. "मादरमो तू हमून खूने (३.०) गोज़ाश्तीम", आईला त्याच घरात... ठेवून आलो. इंग्रजीच्या सरळ क्रमात "वी लेफ्ट" सुरुवातीलाच येतं आणि ते तीन सेकंद कुठेतरी घराच्या आसपास जाऊन पडतात. पण जड गेलं ते "ठेवून आलो" म्हणणं. म्हणून आम्ही "माय मदर, इन दॅट सेम हाउस, (३.०) वी लेफ्ट हर" असं करतो. बोलीतल्या इंग्रजीत अशी रचना चालते, आणि शांतता ज्या शब्दाची आहे त्याच्याच आधी राहते.

आता तुमच्याकडून काय हवं ते. ऑडिओ द्याच, नुसती ट्रान्सक्रिप्ट पुरत नाही. फारसी लिपीत छोटे स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे अर्धवट तुटलेला शब्द कागदावर बघून ओळखणं बऱ्याचदा शक्य नसतं. दुसरं म्हणजे ट्रान्सक्रिप्ट करणारे लोक सवयीने बोली भाषा पुस्तकी करून टाकतात, "मीरम" ऐकतात आणि "मीरवम" लिहितात, आणि त्याच ओघात अडखळणंही गाळतात. फारसी वाचता येणाऱ्या कोणाला तरी दोन पानं दाखवा: सगळीकडे "उन" ऐवजी "आन" असेल, वाक्याच्या शेवटी "अस्त" असेल, एकही "चीज़" किंवा "दिगे" सापडत नसेल आणि प्रत्येक वाक्य क्रियापदापर्यंत पोचलेलं असेल, तर ती साफ केलेली आहे. अशा वेळी आम्ही आधी ऑडिओवरून ती दुरुस्त करतो, त्याचं कोटेशन वेगळं देतो. ऑडिओच नसेल तर साफ ट्रान्सक्रिप्टचं साफ भाषांतर मिळेल आणि तसं वर लिहिलेलं असेल, अंदाजाने "अम" आणि टिंबं आम्ही घालत नाही.

दोघं एकाच वेळी बोलतात तिथे कोणाचं वाक्य कोणी तोडलं हे एका मायक्रोफोनच्या रेकॉर्डिंगवर कधीकधी कळतच नाही, तिथे "अस्पष्ट" अशी खूण आणि वेळ देतो.

फाइल तीन ओळींत मिळते: मूळ फारसी, त्याखाली शब्दाला शब्द, त्याखाली वाचता येईल असं इंग्रजी, आणि दर मिनिटाला टाइमस्टॅम्प. सबटायटल किंवा पुस्तकासाठी साफ प्रत हवी असेल तर तीही करून देतो, पण याच तीन ओळींवरून, आणि जिथे अर्धं वाक्य पूर्ण केलंय तिथे चौकोनी कंस ठेवून. ते कंस काढायचे की नाही हे तुम्ही मुलाखत देणाऱ्या माणसाला विचारून ठरवा, आणि त्यांनी सांगितलेला शब्द आम्हाला कळवा, आम्ही तो घालून प्रत पुन्हा पाठवतो.