शॅमेलिऑन हिरवा होत नाही, हिरवा दिसतो

लाल रुमालावर ठेवला की लाल, निळ्यावर ठेवला की निळा होणारा शॅमेलिऑन आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिला आहे. असे व्हिडिओ खरे मानू नका. शॅमेलिऑन पार्श्वभूमी बघून तिचा रंग उचलत नाही. त्याचे मोठे रंगबदल होतात ते मुख्यतः प्रतिस्पर्धी नर किंवा मादी समोर आली की, आणि ऊन-गारव्यानुसार त्याची कातडी गडद-फिकीही होते. तो विषारी असल्याचा समजही खोटा आहे. त्यापायी आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, उगाच मारला जातो.

त्याच्या रंगांचं खरं गुपित 2015 साली उलगडलं. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या गटाने मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचा अभ्यास केला. या जातीचा प्रौढ नर शांत असताना हिरवा असतो. दुसरा नर दिसला की काही मिनिटांत तो पिवळा-नारिंगी होतो आणि त्याच्या अंगावरचे निळे पट्टे पांढुरके पडतात. पूर्वी समज असा होता की पेशींतलं रंगद्रव्य पसरतं किंवा गोळा होतं, म्हणून रंग बदलतो. काळ्या मेलॅनिनच्या बाबतीत ते खरं आहे. पण त्याने कातडी फक्त गडद किंवा फिकी होते. हिरव्याचा पिवळा त्याने होत नाही. शिवाय या नराच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य नाहीच.

मग हिरवा येतो कुठून? कातडीत वरच्या बाजूला पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. त्यांच्याखाली आयरिडोफोर नावाच्या पेशींचा थर असतो आणि प्रत्येक आयरिडोफोरमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक ठासून भरलेले असतात. ग्वानिन म्हणजे डीएनएच्या चार घटकांपैकी एक. पापलेटच्या अंगावरची चांदीसुद्धा ग्वानिनच्याच स्फटिकांची असते. माशात ते पातळ पत्र्यांसारखे असतात, तर शॅमेलिऑनमध्ये बारीक कणांसारखे. आणि हे कण वाटेल तसे विखुरलेले नसतात, नियमित जाळीत रचलेले असतात.

माझ्या मते सगळी गंमत या जाळीत आहे. प्रकाश आत शिरला की स्फटिकांच्या प्रत्येक ओळीवरून त्याचा थोडा थोडा भाग परत फिरतो. खालच्या ओळीवरून परतणाऱ्या लाटेला वरच्या ओळीपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. हे जादा अंतर ज्या रंगाच्या तरंगलांबीइतकं भरतं, त्या रंगाच्या लाटा एकमेकींवर नेमक्या बसतात आणि तो रंग उजळून बाहेर येतो. बाकीच्या रंगांच्या लाटा एकमेकींना मारतात. म्हणजे कोणता रंग परतणार हे ओळींमधलं अंतर ठरवतं. नर शांत असतो तेव्हा ओळी जवळ असतात, त्यामुळे आखूड तरंगलांबीचा निळा परततो. तो वरच्या पिवळ्या थरातून गाळून आला की आपल्याला हिरवा दिसतो. नर चवताळला की स्फटिकांमधलं अंतर सुमारे 30 टक्क्यांनी वाढतं, परतणारा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि कातडी पिवळी-नारिंगी होते. यात रंगद्रव्य नवं तयार होत नाही आणि स्फटिकही तेच राहतात.

याची खात्री कशी केली? एकाच प्राण्याच्या कातडीचे शांत आणि चवताळलेल्या अवस्थेतले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा अंतरातला फरक दिसला. मग कातडीचा तुकडा तीव्र मिठाच्या द्रावणात ठेवला. पेशींतलं पाणी बाहेर पडलं, त्या आकसल्या, स्फटिक जवळ आले आणि परतणारा रंग निळ्याकडे सरकला. मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, तरी रंग बदलला, कारण बदललं होतं ते फक्त अंतर. माद्यांमध्ये आणि पिलांमध्ये हा आयरिडोफोर थर पुरेसा वाढलेला नसतो, म्हणून ती मळकटच राहतात.

समुद्रातली माकूळ, म्हणजे कटलफिश, याच्या उलट वाटेने जाते. तिच्या कातडीत रंगद्रव्याच्या लवचिक पिशव्या असतात: पिवळ्या, तांबूस आणि काळपट तपकिरी. प्रत्येक पिशवीभोवती चहूबाजूंनी स्नायूंचे धागे असतात आणि त्यांना थेट मेंदूतून आज्ञा येते. स्नायू आवळले की ठिपक्याएवढी पिशवी ताणली जाऊन पसरट चकती होते. सैल सोडले की ती आपल्या लवचिकपणाने पुन्हा ठिपका होते. शॅमेलिऑनला मिनिटं लागतात ते काम इथे सेकंदाच्या अंशात उरकतं, म्हणून माकुळीच्या अंगावरून रंगाच्या लाटा धावू शकतात. पार्श्वभूमीत लपण्याचं जे कसब लोक शॅमेलिऑनला चिकटवतात, ते खरं हिचं.

आणि तरीही माकूळ रंगांध आहे! तिच्या डोळ्यात प्रकाश ओळखणारं एकच रंगद्रव्य आहे. वाळू, खडे, शेवाळ यांतल्या उजेड-अंधाराचा नमुना ती हुबेहूब उतरवते. रंगाच्या जुळणीत तिच्या पिशव्यांखालचे थर मदत करतात. तिथल्या काही पेशी रिफ्लेक्टिन नावाच्या प्रथिनाच्या पातळ थरांवरून निळसर-हिरवी चमक देतात. त्यांच्याही खाली पांढऱ्या पेशी असतात, आणि त्या वरून येईल तो प्रकाश जसाच्या तसा परत फेकतात. पाण्यातून हिरवट उजेड आला, तर त्या हिरवट दिसतात. तो रंग माकुळीला दिसण्याची गरजच पडत नाही.