मिलानमधला चिकट गोळा: आयसोटॅक्टिक, अटॅक्टिक आणि सिंडिओटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीनची पार्श्वभूमी

११ मार्च १९५४ रोजी रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनी आपल्या वहीत इटालियनमध्ये एक छोटी नोंद केली: पॉलिप्रॉपिलीन तयार झाले. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांचे सहकारी पाओलो किनी यांनी प्रॉपिलीन वायूवर टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ट्रायइथिल ॲल्युमिनियम यांचा प्रयोग केला होता. भांड्यातून जे निघाले ते काही देखणे नव्हते. रबरासारखा, चिकट, मधूनमधून पांढरट घनपदार्थ असलेला गोळा होता तो. पॉलिप्रॉपिलीनचा शोध म्हणतात तो खरे तर हा गोळा तयार होण्यात नव्हता. तो लागला नंतर, हा गोळा वेगवेगळ्या द्रावकांत धुतल्यावर, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या तंत्रज्ञानाचा बराचसा भाग या धुण्यातूनच निघालेला आहे.

हे उत्प्रेरक मूळचे जर्मनीतले. म्युल्हाइम येथील कार्ल त्सिग्लर यांच्या प्रयोगशाळेत १९५३ च्या अखेरीस असे लक्षात आले की टायटॅनियमचे क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचे अल्किल एकत्र केले, तर इथिलीन साध्या वातावरणीय दाबावर पॉलिमर होते. तोवर पॉलिथिलीन बनवायला हजार वातावरणांहून अधिक दाब लागत असे. नाट्टा ज्या माँतेकातीनी कंपनीचे सल्लागार होते, तिचा त्सिग्लर यांच्याशी करार होता, आणि मिलानची काही तरुण माणसे म्युल्हाइमला काम शिकत होती. त्यामुळे ही बातमी मिलानला लगेच पोहोचली. त्सिग्लर यांचे लक्ष इथिलीनवर होते. नाट्टा यांनी प्रॉपिलीन घेतले. पेटंटवरून पुढे दोघांत कटुता आली आणि ती बराच काळ टिकली, तरी १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

नाट्टा यांना हा गोळा का समजला, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे. क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉनच्या विवर्तनाने स्फटिकांची रचना ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी तो गोळा आधी ॲसिटोनने, मग इथरने, मग उकळत्या हेप्टेनने धुतला. ॲसिटोनमध्ये तेलकट, लहान साखळ्या गेल्या. इथरमध्ये रबरी, अस्फटिकी भाग विरघळला. हेप्टेनने अर्धवट स्फटिकी भाग काढून नेला. शेवटी जी पांढरी पूड उरली ती यांपैकी कशातच विरघळत नव्हती, आणि साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळतही नव्हती. हा उरलेला भाग एकूण मालाच्या निम्म्याहून कमी होता. मात्र क्ष-किरणांच्या छायाचित्रात त्याच्या रेषा इतक्या स्पष्ट उमटल्या की इतकी नीटनेटकी रचना कुणी कृत्रिम हायड्रोकार्बन पॉलिमरमध्ये क्वचितच पाहिली असेल. रासायनिक विश्लेषण मात्र सर्व भागांचे एकच: कार्बन एक, हायड्रोजन दोन, या प्रमाणात. घटक तेच, पण एक भाग चिकट आणि दुसरा कडक.

फरक मांडणीचा होता. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथिल गट बाहेर डोकावतो. साखळीचा कणा कागदावर नागमोडी रेषेने काढला, तर हा मिथिल गट रेषेच्या पुढे किंवा मागे, असा दोन बाजूंना बसू शकतो. सगळे मिथिल एकाच बाजूला आले की ती साखळी आयसोटॅक्टिक. एक पुढे, एक मागे असे आलटून पालटून आले की सिंडिओटॅक्टिक. काही नियमच नसला की अटॅक्टिक. ही नावे नाट्टा यांच्या पत्नी रोझिता बेआती यांनी सुचवली होती. एकदा बसलेला मिथिल वितळवून किंवा ताणून दुसऱ्या बाजूला नेता येत नाही. त्यासाठी रासायनिक बंध तोडावा लागेल. म्हणून हा गुण कारखान्यात साखळी तयार होतानाच ठरतो.

आयसोटॅक्टिक साखळी सपाट नागमोडी राहूच शकत नाही. तशी राहिली असती, तर शेजारचे दोन मिथिल एकमेकांपासून सुमारे २.५ अँगस्ट्रॉमवर आले असते, आणि त्यांना एवढ्या जवळ जागा नाही. सुखाने राहायला साधारण ४ अँगस्ट्रॉम लागतात. म्हणून साखळी स्वतःभोवती वळते. नाट्टांचे सहकारी पाओलो कोर्रादीनी यांनी क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखवून दिले की तीन एककांत एक पूर्ण वळसा होतो आणि तो ६.५ अँगस्ट्रॉमनंतर जसाच्या तसा पुन्हा येतो. असे नियमित मळसूत्र एकमेकांना चिकटून घट्ट रचता येते, म्हणजेच स्फटिक होतात. सिंडिओटॅक्टिकमध्ये मिथिल आलटून पालटून असल्याने गर्दी कमी असते. तीही वळते, पण निराळ्या प्रकारे, ७.४ अँगस्ट्रॉमच्या पुनरावृत्तीने. अटॅक्टिक साखळीला नियमच नसल्यामुळे ती शेजारच्या साखळीशी जुळत नाही आणि स्फटिक होत नाही.

यातूनच गुणधर्म येतात. बाजारातल्या आयसोटॅक्टिक मालाचा अर्ध्याहून अधिक भाग स्फटिकी असतो, वितळणबिंदू १६० ते १६५ अंशांच्या आसपास, घनता सुमारे ०.९०. खुर्च्या, बादल्या, विणलेली पोती, इंजेक्शनच्या सिरिंज यांतला कडकपणा आणि उकळत्या पाण्यात आकार न बदलण्याचा गुण हाच. अटॅक्टिकची घनता ०.८५-०.८६ इतकी कमी. त्याला वितळणबिंदू असा नसतो, खोलीच्या तापमानाला ते मऊ आणि चिकट असते, हेप्टेनमध्ये सहज विरघळते. एकट्याने त्याचा उपयोग थोडा. मात्र डांबरात मिसळले की ते उन्हात वितळून वाहत नाही, आणि म्हणूनच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ‘एपीपी मेंब्रेन’ येते. त्यातले एपीपी म्हणजे अटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन. ही कल्पनाही इटलीतलीच, १९६० च्या दशकातली, टाकाऊ अटॅक्टिकचे काय करायचे या विवंचनेतून निघालेली.

कारखान्यात हा टाकाऊ भाग खरोखर डोकेदुखी होता. टायटॅनियम टेट्राक्लोराइडऐवजी घन अवस्थेतले ट्रायक्लोराइड वापरले, तसा आयसोटॅक्टिक भाग एकदम वाढला, ८०-९० टक्क्यांपर्यंत पोहोचला. याच पायावर १९५७ मध्ये फेर्रारा येथे माँतेकातीनीचे उत्पादन सुरू झाले. तरीही उरलेला दहा-वीस टक्के अटॅक्टिक हेक्सेन-हेप्टेनसारख्या द्रावकात धुवून काढावा लागे, द्रावक पुन्हा ऊर्ध्वपातनाने मिळवावा लागे, आणि मालात राहिलेली धातूची राख वेगळी धुवावी लागे. कारखान्याचा मोठा भाग पॉलिमर बनवण्यासाठी नव्हे तर धुण्यासाठी उभा असे. ट्रायक्लोराइडच्या स्फटिकाच्या फक्त पृष्ठभागावरचे टायटॅनियम काम करते आणि आतले वाया जाते, हे त्याचे कारण. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत आणि जपानमध्ये टायटॅनियम क्लोराइडला मॅग्नेशियम क्लोराइडच्या बारीक कणांवर बसवण्यात आले. त्याने उत्पादकता प्रचंड वाढली, पण सुरुवातीला त्यातून अटॅक्टिकच जास्त निघे. मग ‘डोनर’ म्हणून एस्टर मिसळले, आधी बेंझोएट, नंतर थॅलेट. हे एस्टर ज्या जागी साखळी चुकीची वाढते त्या जागा अडवतात किंवा त्यांना सुधारतात. १९८० च्या दशकात आयसोटॅक्टिक भाग ९५ टक्क्यांच्या पुढे गेला आणि धुण्याचा विभागच काढून टाकता आला. मला या कथेतला हा सर्वांत मोठा टप्पा वाटतो, नाट्टांच्या शोधाहूनही कमी नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त झाले ते इथे.

धुणे कारखान्यातून गेले तरी प्रयोगशाळेत राहिले. कुठल्याही पॉलिप्रॉपिलीन प्लांटच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये ‘झायलीन सोल्युबल’ ही चाचणी असते. समजा २.०० ग्रॅम नमुना २०० मिलिलीटर झायलीनमध्ये उकळून विरघळवला. मग तो २५ अंशांवर आणून ठरलेला वेळ थांबायचे. आयसोटॅक्टिक स्फटिक होऊन खाली येतो, अटॅक्टिक द्रावणातच राहतो. गाळून घेतलेले १०० मिलिलीटर द्रावण आटवले आणि ०.०४ ग्रॅम शिल्लक राहिले, तर पूर्ण २०० मिलिलीटरमध्ये ०.०८ ग्रॅम, म्हणजे नमुन्याच्या ४ टक्के. ताठ इंजेक्शन मोल्डिंगच्या मालात हा आकडा एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आणतात. तो वाढला की फिल्मचे थर एकमेकांना चिकटतात, पृष्ठभागावर तेलकट लेप येतो, वस्तूचा ताठरपणा घटतो.

पण ही चाचणी साखळीचा क्रम मोजत नाही, विद्राव्यता मोजते. इथिलीन मिसळलेल्या रँडम कोपॉलिमरमध्ये किंवा फार लहान साखळ्या असलेल्या मालात आकडा चढतो, तो अटॅक्टिकमुळे असेलच असे नाही. शंका आली की कार्बन-१३ एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात कार्बनच्या अणूंचे संकेत टिपणारी चाचणी, करावी लागते. मिथिलचा संकेत २० ते २२ पीपीएम दरम्यान पाच सलग एककांच्या क्रमानुसार वेगवेगळ्या रेषांत फुटतो: सगळे एकाच बाजूला असलेले सुमारे २१.८ ला, सगळे आलटून पालटून असलेले सुमारे २०.३ ला. रेषांचे प्रमाण चूक कशी झाली तेही सांगते. एखादा मिथिल चुकून उलट बसला आणि पुढचे पुन्हा मूळ बाजूला परतले, तर त्या चुकीच्या तीन ओळखीच्या रेषा २:२:१ या प्रमाणात येतात. याचा अर्थ साखळीच्या टोकाला आधीचे आठवत नसून बाजू उत्प्रेरकाच्या जागेनेच ठरवलेली असते.

सिंडिओटॅक्टिकची गोष्ट यानंतर बरीच उशिरा घडते. १९६० मध्ये नाट्टांच्या गटाने ते सापडल्याचे जाहीर केले, पुढे व्हॅनेडियम उत्प्रेरकाने उणे ७८ अंशांसारख्या थंडीत तयारही केले, पण ते फार शुद्ध नव्हते आणि कारखान्याला झेपणारे नव्हते. खरी वाट १९८८ मध्ये उघडली. फिना कंपनीच्या जॉन युएन यांनी झिर्कोनियमचा असा मेटॅलोसीन, म्हणजे कार्बनच्या दोन वलयांमध्ये धातू धरलेला उत्प्रेरक, बनवला की त्याच्या एका बाजूला सायक्लोपेंटाडायनिल आणि दुसऱ्या बाजूला मोठा फ्लुओरेनिल गट असतो. प्रत्येक एकक जोडल्यावर वाढती साखळी धातूच्या एका बाजूवरून दुसरीकडे सरकते, आणि त्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असल्याने मिथिल आलटून पालटून बसतो. त्यातून मिळणाऱ्या मालाचा वितळणबिंदू साधारण १३० ते १५० अंश, स्फटिकी भाग आयसोटॅक्टिकपेक्षा कमी, त्यामुळे तो जास्त पारदर्शक आणि जास्त चिवट. मग तो सगळीकडे का दिसत नाही? कारण तो स्फटिक व्हायला वेळ लावतो. साच्यात वस्तू घट्ट होईपर्यंत थांबावे लागले, तर प्रत्येक वस्तूमागे वेळ वाढतो, आणि मोल्डिंगच्या धंद्यात वेळ हाच खर्च.

आयसोटॅक्टिकचीही जितकी जास्त शुद्धी तितके बरे, असे नसते. पाकिटांची चकचकीत बीओपीपी फिल्म दोन्ही दिशांना ताणून पातळ करतात. अति नियमित साखळ्यांची फिल्म ताणताना अडते आणि फाटते. म्हणून या ग्रेडमध्ये झायलीन सोल्युबल मुद्दाम ३ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात.