डायलॉग घुमतो, फ्रिज घरघरतो आणि वारा माइकमध्ये शिरतो

शूटच्या वेळी खोली एकदम शांत वाटते आणि नंतर हेडफोन लावून फुटेज ऐकलं की डायलॉग विहिरीतून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी पहिला विचार येतो की माइक बदलूया. पण बहुतेक वेळा माइक चांगलाच असतो, फक्त तो लांब असतो.

खोलीत बोलणाऱ्याचा आवाज माइककडे दोन वाटांनी येतो, एक थेट तोंडातून आणि दुसरा भिंती-छत-फरशीवर आपटून. थेट आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने पडतो, आपटून आलेला मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. तिथे उभं असताना हे कळत नाही, कारण आपले दोन कान आणि मेंदू मिळून घुमणारा भाग मागे ढकलतात. माइकला ते जमत नाही, त्याला सगळं सारखंच.

आता समजा दोघं टेबलाशी समोरासमोर बसलेत, कॅमेरा २ मीटरवर आणि माइक कॅमेऱ्यावरच लावलाय. तोच माइक बूमवर, म्हणजे लांब काठीवर, घेऊन तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं म्हणजे थेट आवाज १२ डेसिबल वाढला, आणि घुमणं आणि बाजूच्या फ्रिजची घरघर होती तेवढीच राहिली. मग गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, १२ डेसिबल खाली घ्यायचा, डायलॉग पूर्वीइतकाच येतो आणि बाकीचा कचरा मात्र १२ डेसिबल खाली बसतो. एवढा फरक नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलात तर आवाजाचीच वाट लागते.

बूम वरून धरायचा, डोक्याच्या थोडा पुढे, आणि टोक छातीच्या वरच्या भागाकडे रोखायचं. किती खाली? कॅमेरावाल्याला सांगायचं की मी हळूहळू खाली आणतो, फ्रेममध्ये दिसला की ओरड, आणि तिथून चार बोटं वर घ्यायचा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही पण सांगतोच, लहान खोलीत लांबलचक शॉटगन माइक नको. त्याची नळी बाजूचा आवाज कापते ती मुख्यतः वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत तिचा फारसा उपयोग नसतो, त्यामुळे भिंतींवरून परतलेला आवाज आत येतो तो विचित्र रंग घेऊन. तिथे छोटा हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक बरा.

फ्रिज तर बंदच करायचा. आणि बंद करताना गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवायची, म्हणजे फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही 🙂 फ्रिज चालू राहिला तर खरा त्रास घरघरीचा नसतो, ती मधेच सुरू होते आणि मधेच थांबते त्याचा असतो. टेक १ मध्ये आहे, टेक ३ मध्ये नाही, आणि दोन्ही जोडले की प्रत्येक कटवर मागचा आवाज उडी मारतो.

रूम टोन लागतो तो यासाठीच. सीन संपला की कोणी हलायच्या आत ३० ते ६० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, माइक त्याच जागी, गेन तोच, लाइट चालू, आणि माणसंही आतच, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात आणि ती बाहेर गेली की खोली वेगळी वाजते. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधला खोकला कापला की तिथे एकदम पोकळी येते, कान लगेच दचकतो, त्या जागी हा तुकडा बसवायचा.

बाहेर गेलं की वारा. माइकमध्ये जी भडभड येते ती लांबून आलेला आवाज नाहीच, वाऱ्याचे भोवरे थेट माइकच्या आतल्या पडद्यावर आपटतात आणि दाब खालीवर होतो. दिशा पकडणारे माइक मागूनही उघडे असतात म्हणून त्यांना हे जास्त जाणवतं. नुसता फोम झुळकेपुरता ठीक आहे, जोराच्या वाऱ्यात माइकभोवती स्थिर हवेचा मोठा कप्पा लागतो, म्हणजे जाळीची पोकळ टोपली आणि तिच्यावर लांब केसांचं फर, ते केस वाऱ्याचा वेग बाहेरच मोडतात. फर ओलं होऊन चिकटलं की काम करत नाही, झटकून विंचरून घ्यायचं.

लो कट फिल्टर, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज कापणारा, ८० ते १०० हर्ट्झला लावला की उरलेली भडभड कमी होते, पण आधीच सिग्नल फाटला असेल तर फिल्टरचा काही उपयोग नाही. ओळखायचं असं की कोणी बोलत नसताना मीटर उड्या मारतंय का बघायचं आणि हेडफोनमध्ये शब्द मधेच तुटतायत का ऐकायचं. तुटत असतील तर टेक परत घ्या. ते शक्यच नसेल तर कलाकाराला लगेच, लय डोक्यात ताजी असतानाच, भिंतीच्या आडोशाला न्या आणि कॅमेऱ्याशिवाय तीच वाक्यं दोन-तीनदा म्हणवून घ्या, एडिटमध्ये ती ओठांवर बऱ्यापैकी बसवता येतात.