गुण सारखे पडले की कसोटी सरकते

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन खरेदी केंद्रासाठी व्यवस्थापक हवा आहे. मुलाखतींनंतर दोघे उरले. एक अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर, दुसरी जिनिंगवर चार हंगाम हिशेब सांभाळलेली बी.कॉम. मुलगी. दोघांनाही ५० पैकी ४१ गुण. अध्यक्ष स्वतः अकोल्यालाच शिकलेले. ते म्हणतात, "पोरगा आपल्यातलाच हाय, जमून जाईन. आन् या कामाले शेतीचं शिक्षण पाहिजेच."

पहिल्या वाक्यातली आपुलकी कोणीही ओळखेल. घोटाळा दुसऱ्या वाक्यात आहे, कारण ते रास्त वाटतं. शेतीची पदवी मुलीकडे असती, तर अध्यक्षांना अनुभव मोठा वाटला असता का?

एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी कधी पुरुष, तर कधी स्त्री उमेदवार मांडला. उमेदवाराकडे कधी शिक्षण, कधी रस्त्यावरचा अनुभव. शिक्षण पुरुषाकडे दाखवलं की लोकांना पदासाठी शिक्षण जास्त महत्त्वाचं वाटायचं, स्त्रीकडे दाखवलं की त्याचं वजन कमी व्हायचं. म्हणजे आधी माणूस आवडतो, मग कसोटी त्याच्या मापाची शिवली जाते. स्वतःला अगदी निःपक्ष समजणाऱ्यांमध्ये हा कल अधिक दिसला. मात्र उमेदवार पाहण्याआधीच कसोटीचं वजन ठरवायला लावलं, तेव्हा भेदभाव नाहीसा झाला. प्रयोग स्त्री-पुरुषांचा होता, पण आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा माणूस निवडतानाही मन हीच वाट धरू शकतं.

म्हणून बरोबरी झाल्यास काय पाहायचं, ते जाहिरात काढतानाच, क्रमासह, इतिवृत्तात लिहून ठेवावं. आमच्या उदाहरणात पहिली कसोटी प्रत्यक्ष कामाची. दोघांनाही एकाच थप्पीतली पोती द्यायची, नमुना काढून ओलावा मोजायला आणि पावती करायला सांगायचं. नमुना फक्त पोत्याच्या तोंडाशी घेतला, की खालूनही? मीटरवर एकच रीडिंग, की दोन-तीन? ओलावा मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर शेतकऱ्याला ते कसं सांगितलं? कशाला किती गुण हेही आधीच लिहायचं. पावत्यांवर नावाऐवजी क्रमांक टाकून त्या दुसऱ्याच संचालकाने तपासायच्या. शेतकऱ्याशी बोलणं मात्र समोरच पाहावं लागतं, तिथे नाव झाकता येत नाही. ते गुण दोन संचालकांनी वेगवेगळे, एकमेकांना न विचारता द्यावेत.

यातही एक पळवाट उरते. "स्थानिकास प्राधान्य" असं आधीच लिहिलं, तर आपुलकी नियमाच्या वेषात आत येते. प्रत्येक कसोटीपुढे ती केंद्रावरच्या कोणत्या कामाला लागते, ते लिहायला लावा. लिहिता आलं नाही, तर ती खोडा.

प्रात्यक्षिकातही गुण सारखेच पडले तर? मग आणखी मुलाखती घेऊ नयेत, कारण त्या गप्पांत आपलेपणाच जास्त मोजला जातो. निवडणुकीत समान मतं पडली तर १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा चिठ्ठी टाकायला सांगतो. ग्रामपंचायतीची ईश्वरचिठ्ठी तर गावाने पाहिलेली असतेच. इथेही तीच टाकावी, दोघांच्या समोर.