शून्याधारित बजेट : निर्णय-पत्रक कोणी भरायचं, कसं भरायचं आणि सोबत काय जोडायचं

दरवर्षी बजेटचा महिना आला की बहुतेक विभागांत एकच काम होतं. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, प्रत्येक ओळीवर आठ-दहा टक्के चढवायचे आणि वरून कात्री लागणार हे धरून आणखी दोन टक्के जादा टाकायचे. मीही बरीच वर्षं हेच केलं. यातली अडचण अशी की मागच्या वर्षीचा आकडा बरोबर होता का, हे कोणीच विचारत नाही. फक्त वाढ किती द्यायची यावर घासाघीस होते.

शून्याधारित पद्धतीत मागचा आकडा पाया म्हणून धरला जात नाही. प्रत्येक काम नव्याने मांडायचं आणि त्याचा खर्च नव्याने मागायचा. ही मांडणी ज्या कागदावर करायची, ते निर्णय-पत्रक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पायर यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये त्यावर लेख लिहिला. तो वाचून जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्यात आणि १९७७ नंतर राष्ट्राध्यक्ष म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारात ती आणली. १९८१ मध्ये रेगन सरकारने ती बंद केली. पत्रकांचा ढीग हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

कोणता खर्च यात येतो

सगळा येत नाही. कर्जावरचं व्याज, कर, मुदत न संपलेलं भाडं हे आकडे तुमच्या हातात नसतात. ते फक्त नोंदवायचे. उत्पादनाला थेट लागणारा कच्चा माल नगामागे ठरलेल्या प्रमाणातून निघतो, त्यालाही पत्रक नको. ज्या खर्चाचं कमी-जास्त करणं कोणाच्या तरी निर्णयावर अवलंबून आहे, त्याचं पत्रक भरायचं : देखभाल, प्रशिक्षण, प्रवास, जाहिरात, सल्लागार, संगणक सेवा, कार्यालयीन सेवा.

पत्रक त्यानेच भरायचं, जो ते काम रोज चालवतो आणि त्याच्या खर्चाला जबाबदार आहे. वित्त विभागाने भरून दिलं की पुन्हा मागच्या वर्षीचेच आकडे उतरतात.

सोबत काय जोडायचं

गेल्या बारा महिन्यांतल्या कामाची मोजदाद, चालू करारांच्या प्रती, किमान एका पर्यायाचं दरपत्रक आणि कोणत्या कामावर किती माणसं किती वेळ असतात याचा तक्ता. करारांच्या प्रतींवर रद्द करण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, तिथे खूण करा. मागच्या वर्षीचा खर्च वेगळ्या पानावर द्या. तो पडताळणीसाठी लागतो, मागणीचं कारण म्हणून चालत नाही.

एक पत्रक भरून पाहू

यंत्र-देखभाल विभाग घेऊ. मागच्या वर्षीचा खर्च ६० लाख : सहा तंत्रज्ञांचे २४, बारा यंत्रांच्या वार्षिक देखभाल करारांचे १८, सुटे भाग १२ आणि बाहेरून तातडीने बोलावलेल्या दुरुस्त्या ६. जुन्या सवयीने आठ टक्के चढवले की ६४ लाख ८० हजार, आणि दहा मिनिटांत काम संपतं.

आता करारांची ओळ उघडून बघू. बारा करार, प्रत्येकी दीड लाख. यंत्रांची यादी शेजारी ठेवली की दिसतं, दोन यंत्रं वर्षभर बंदच आहेत, पण त्यांचे करार आपोआप नूतन होत राहिले. तीन लाख तिथेच. चार यंत्रांना पर्यायी यंत्र आहे, म्हणजे ती बंद पडली तरी काम थांबत नाही. त्या चारांसाठी वर्षात मिळून पाच वेळा तंत्रज्ञ आला. कराराविना फेरीचा दर ३० हजार, म्हणजे दीड लाख. कराराचे मात्र सहा लाख गेले. उरलेल्या सहा यंत्रांवर सगळं उत्पादन उभं आहे, त्यांचे करार ठेवायचेच. टक्केवारी चढवताना हे कधीच नजरेला पडलं नसतं, कारण तेव्हा ओळीत फक्त '१८' दिसतं.

मग पातळ्या मांडायच्या. पहिली पातळी किमान सेवेची, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तर विभाग बंद केलेलाच बरा. त्यात कायद्याने बंधनकारक सुरक्षा-तपासणी, एका पाळीला चार तंत्रज्ञ (१६), सहा करार (९), सुटे भाग (८) आणि तातडीच्या दुरुस्त्या (५). एकूण ३८ लाख. परिणामाच्या रकान्यात स्पष्ट लिहायचं : दुसऱ्या पाळीत यंत्र बंद पडलं तर सकाळपर्यंत थांबावं लागेल.

दुसरी पातळी, दुसऱ्या पाळीला दोन तंत्रज्ञ, ८ लाख. बेरीज ४६. तिसरी, त्या चार यंत्रांच्या फेऱ्या आणि भाग, साडेतीन लाख. बेरीज ४९.५. चौथी, बिघाडाआधीच बेअरिंग बदलणं आणि तेलाची तपासणी, ४ लाख. बेरीज ५३.५. पाचवी, चार यंत्रं पुन्हा करारावर. फेऱ्यांचे दीड लाख वाचतात म्हणून जादा लागतात साडेचार, आणि बेरीज होते ५८.

प्रत्येक पातळीसमोर 'ही मिळाली नाही तर काय होईल' हे लिहायचं असतं. 'कामावर परिणाम होईल' असं लिहिलेलं पत्रक मी परत पाठवतो. किती तास, कोणतं यंत्र, किती वेळा, एवढं तरी हवंच.

क्रम लावताना होणारी लबाडी

विभागप्रमुख आपल्या पातळ्यांना क्रम देतो, मग वरचा अधिकारी सगळ्या विभागांच्या पातळ्या एकत्र करून एकच यादी लावतो. उपलब्ध रक्कम जिथे संपते तिथे रेघ मारायची. रेघेच्या वरचं मंजूर.

इथे एक जुनी युक्ती चालते. सुरक्षा-तपासणीसारखं कोणीच नाकारू शकणार नाही असं काम मुद्दाम शेवटच्या पातळीत टाकायचं, म्हणजे रेघ तिथपर्यंत ओढावीच लागते. ओळखायला सोपं आहे : कायद्याने करावंच लागणारं काम पहिल्या पातळीत नसेल तर पत्रकात लबाडी आहे. दुसरी खूण म्हणजे किमान पातळीच मागच्या वर्षाएवढी. आणि सगळ्या पातळ्यांची बेरीज मागचा खर्च अधिक आठ टक्के, अगदी हजारापर्यंत जुळत असेल, तर बेरीज आधी झाली आहे आणि कामं नंतर सुचली आहेत.

मंजुरी देणाऱ्यांचीही एक चूक होते. चौथ्या पातळीसारखं काम कापलं तर यंदा काहीच बिघडत नाही, पैसे वाचलेले दिसतात, आणि तातडीच्या दुरुस्त्यांचा आकडा दोन वर्षांनी फुगतो. ही पद्धत एका वर्षाकडे बघते, पुढचं तिला आपोआप दिसत नाही. म्हणून अशा पातळीसमोर पुढच्या दोन वर्षांचा अंदाजही लिहून घ्यावा.

किती वेळ लागतो

पहिल्या वर्षी भरपूर. एका विभागाला तीन-चार आठवडे सहज जातात, त्यातला मोठा भाग कामाची मोजदाद गोळा करण्यात. म्हणून सगळ्या विभागांना एकाच वर्षी बसवू नये. दरवर्षी एक-तृतीयांश विभागांनी शून्यापासून मांडावं, बाकीच्यांनी मधली दोन वर्षं जुन्या पद्धतीने चालवावं. बचतही लगेच हातात येत नाही. वरच्या उदाहरणात बंद यंत्रांच्या करारांना नव्वद दिवसांची पूर्वसूचना असेल आणि ती तारीख उलटून गेली असेल, तर ते तीन लाख यंदाही द्यावे लागतात.

रेघेखाली राहिलेली पत्रकं फाडू नका. वर्षाच्या मध्यात कुठे रक्कम मोकळी झाली, तर रेघेखालचं पहिलं पत्रक आधी उचललं जातं, त्यासाठी नवा अर्ज लागत नाही.