अंग आंबणं वेगळं आणि चहाच्या रंगाची लघवी वेगळी

जिमचा पहिला आठवडा म्हणजे अंग दुखणारच, हे सगळ्यांना माहीत असतं. जिना उतरताना मांड्या ओरडतात, डोक्यावरून टीशर्ट काढताना दंड भरून आलेले जाणवतात. हे दुखणं व्यायाम करताना सुरू होत नाही, १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग पाच-सात दिवसांत ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होतं असं अजूनही सगळे सांगतात पण ते खरं नाही, ते तर व्यायाम थांबवल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. खरं कारण म्हणजे स्नायूच्या तंतूंना झालेली बारीक इजा आणि त्यावर आलेली सूज. आणि ही इजा वजन उचलताना कमी, ते हळूहळू खाली सोडताना जास्त होते, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो.

इथपर्यंत काळजीचं काही नाही. पण हीच इजा कधीकधी प्रमाणाबाहेर जाते आणि तेव्हा तंतू नुसते दुखावत नाहीत, फुटतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं रॅब्डो म्हणतात.

समजा पंचविशीतला एक मुलगा आहे, तब्येत चांगली, पण सहा महिने काही केलेलं नाही. सोमवारी पहिल्याच दिवशी ट्रेनर त्याच्याकडून पुलअप्स करून घेतो, वर चढता येत नाही म्हणून स्टुलावरून चढायचं आणि हळूहळू खाली यायचं, असे सेटवर सेट, साठ-सत्तर वेळा. मंगळवारी दंड दुखतात, तो म्हणतो चालायचंच. बुधवारी कोपर सरळ होत नाही, दंड सुजून टणक झालेत, आणि मुख्य म्हणजे कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नाही. दुखतंय म्हणून नाही, हातात जोरच नाही म्हणून, आणि हा फरक नीट लक्षात घ्या. साध्या दुखण्यातही जोर थोडा कमी होतो पण कळ सोसून हात वर जातो, इथे जातच नाही. गुरुवारी सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी, कोलासारखी काळपट होते.

तो रंग मायोग्लोबिनचा. स्नायूत ऑक्सिजन साठवणारं हे लालसर प्रथिन, पेशी फुटली की रक्तात उतरतं आणि किडनीतून गाळलं जातं. लॅबमध्ये गंमतीशीर वाटेल असं दिसतं, लघवीत पट्टी बुडवली तर ती रक्त आहे म्हणून सांगते आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर लाल पेशी जवळपास नसतातच. पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यातला फरक कळत नाही.

किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये हे प्रथिन अडकून बसतं, लघवी दाट असेल तर जास्तच, आणि किडनी बंद पडू शकते. दुसरा धोका पोटॅशियमचा, तेही फुटलेल्या पेशींतूनच येतं आणि रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

तिथे सीके नावाच्या एन्झाइमची रक्ततपासणी होते, स्नायूच्या पेशी फुटल्या की तेही रक्तात उतरतं. एरवी हा आकडा साधारण २०० च्या आसपास असतो, हजाराच्या वर गेला की रॅब्डोचा विचार करतात आणि अशा केसमध्ये तो ५०-६० हजारही निघू शकतो. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका, जोरदार व्यायामानंतर धडधाकट माणसाचाही सीके काही हजार होतो, त्यामुळे किडनी कशी चालतेय ते सांगणारं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि माणसाची अवस्था हे सगळं एकत्र बघतात. उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन, भरपूर, म्हणजे लघवी वाहती राहते आणि मायोग्लोबिन धुऊन निघतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लघवीचा रंग काही तासांत, एखाद्या दिवसात परत नॉर्मल होऊ शकतो कारण मायोग्लोबिन शरीरातून पटकन निघून जातं, सीके मात्र त्यानंतरही बरेच दिवस चढा राहतो. म्हणजे रंग साफ झाला म्हणून सुटलो असं नसतं, आणि काही जणांना रंग कधी बदललेला दिसतच नाही. दंड टणक फुगलाय, जोर गेलाय, लघवी कमी होतेय, एवढं पुरेसं आहे. आणि अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर घेऊ नका, आधीच अडचणीत असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा त्याने अजून कमी होतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, किंवा उकाड्यात व्यायाम केला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण या तिन्हींनी धोका वाढतो.

आपला मुलगा बरा झाला की लगेच परत बारला लटकणार नाही. सीके खाली आला, जोर परत आला, की आधी नुसतं चालणं, मग हलकी वजनं, आणि पुलअप्स शेवटी. गंमत म्हणजे पहिल्याच दिवशी दहा-बारा वेळाच केले असते तर थोडं दुखून स्नायू आपोआप तयार झाले असते, कारण एकदा हलकी इजा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच व्यायाम खूप कमी त्रासात झेलतो.